साडेतीन लाख मंजूर, मग हातात कमी का? पीककर्जाचं मंजुरीपत्र वाचताना

जून महिन्यात बँकेच्या दारात हमखास एक तक्रार ऐकू येते. "पत्रात साडेतीन लाख मंजूर लिहिलंय आणि हातात सव्वा लाखच देतात." पुढे मार्च-एप्रिलमध्ये दुसरी तक्रार येते. "सगळे पैसे भरले, तरी व्याज सात टक्क्यांनीच का लागलं?" आणि पीक हातचं गेल्यावर तिसरी. "विम्याचे पैसे कापले होते, मग भरपाई का नाही?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा त्याच दोन-तीन पानांत असतात, ज्यांवर शेतकऱ्याने सही केलेली असते आणि जी घरी आल्यावर सातबाऱ्याच्या पिशवीत गेलेली असतात. हे पत्र अवघड भाषेत आणि बारीक अक्षरांत असतं हे खरं. पण त्यातल्या ज्या ओळींवर पैसा अवलंबून असतो, त्या मोजक्याच आहेत.

एक उदाहरण घेऊन पाहू. मराठवाड्यातला एक शेतकरी धरू, दोन हेक्टर म्हणजे पाच एकर जमिनीचा. खरिपात १.२ हेक्टर सोयाबीन आणि ०.८ हेक्टर कापूस. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात रब्बीला हरभरा. त्याला राष्ट्रीयीकृत बँकेने किसान क्रेडिट कार्डाखाली कर्ज मंजूर केलं आहे. पुढे जे हेक्टरी दर घेतले आहेत ते हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत. खरे दर जिल्ह्याजिल्ह्याला आणि दरवर्षी बदलतात.

पहिली गोष्ट मर्यादेची. ती शेतकऱ्याच्या गरजेवरून किंवा जमिनीच्या बाजारभावावरून ठरत नाही. प्रत्येक पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं याचा दर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. बँकेच्या भाषेत त्याला स्केल ऑफ फायनान्स म्हणतात, आपण पीककर्ज दर म्हणू. सोयाबीनचा दर हेक्टरी ६० हजार धरला, कापसाचा ७० हजार आणि हरभऱ्याचा ४५ हजार, तर आपल्या शेतकऱ्याला सोयाबीनचे ७२ हजार, कापसाचे ५६ हजार आणि हरभऱ्याचे ५४ हजार, असे मिळून १ लाख ८२ हजार होतात. हा पत्रातला पाया. त्यावर आणखी दोन भाग चढतात. काढणीनंतरचा खर्च आणि घरखर्च यांसाठी १० टक्के, म्हणजे १८,२००. औजारं, पंप, पाइपलाइन यांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे ३६,४००. आणि शेवटी विम्याचा हप्ता. तो इथे साधारण ५,०५० येतो (कसा, ते पुढे पाहू). सगळं मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा २ लाख ४१ हजार ६५० रुपये.

मग पत्रात साडेतीन लाख कुठून आले? किसान क्रेडिट कार्ड एका वर्षाचं नसतं, पाच वर्षांचं असतं. खतं, बियाणं, मजुरी महागणार हे गृहीत धरून दरवर्षी मर्यादेत १० टक्के वाढ आधीच धरलेली असते. २,४१,६५० चे दुसऱ्या वर्षी २,६५,८१५ होतात, तिसऱ्या वर्षी सुमारे २ लाख ९२ हजार, चौथ्या वर्षी ३ लाख २१ हजार आणि पाचव्या वर्षी ३ लाख ५४ हजारांच्या आसपास. पत्राच्या वरच्या भागात ठळक लिहिलेली कमाल मर्यादा ही या पाचव्या वर्षाची असते. या वर्षी उचलता येणारी रक्कम खाली, वर्षवार तक्त्यात असते. अनेक पत्रांत तिला आहरण मर्यादा किंवा ड्रॉइंग लिमिट म्हणतात. त्यातही जूनमध्ये खरिपाचाच भाग सुटतो. आपल्या शेतकऱ्याला सोयाबीन-कापसाचे १ लाख २८ हजार पेरणीला मिळतील आणि हरभऱ्याचे ५४ हजार ऑक्टोबरमध्ये. बँकेने कमी दिले असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने पाचव्या वर्षाचा आकडा वाचलेला असतो.

मात्र खरोखर कमी मिळाल्याचे प्रसंगही असतात. ते ओळखायचे तर पिकांचा तक्ता सातबारा आणि आठ-अ यांच्या शेजारी ठेवून पाहावा. सामायिक खात्यातला आपला हिस्सा चुकीचा धरला गेला आहे का? रब्बीचं पीक वगळलं आहे का? या वर्षीचे दर जाहीर झालेले असताना हिशोब गेल्या वर्षीच्या दराने केला आहे का? नूतनीकरणात ही तिसरी चूक सगळ्यात सहज राहून जाते, कारण कोणीतरी जुनाच आकडा १० टक्क्यांनी वाढवून पुढे ढकललेला असतो. विविध कार्यकारी सोसायटीकडून कर्ज असेल तर हा तक्ता कमाल मर्यादा पत्रकात असतो. ते गटसचिवाकडे मागून पाहण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे.

मर्यादेच्या आकड्याला तारणाचं कलमही जोडलेलं असतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण द्यावी लागत नाही. पूर्वी ही सीमा १ लाख ६० हजार होती. तुमचं पत्र २ लाखांच्या आत असेल आणि तरीही गहाणखत मागितलं जात असेल, तर कोणत्या नियमाने, हे लेखी विचारावं.

आता व्याज. माझ्या मते पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ व्याजदराची नसून परतफेडीच्या तारखेची आहे. दर सगळ्यांनाच सारखा असतो. सवलत कोणाला मिळणार, हे तारीख ठरवते.

केंद्र सरकारच्या व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं अल्पमुदत पीककर्ज शेतकऱ्याला ७ टक्क्यांनी मिळतं. त्यासाठी सरकार बँकेला १.५ टक्के देतं, ते शेतकऱ्याच्या खात्यात दिसत नाहीत. शेतकऱ्याने वेळेत परतफेड केली की आणखी ३ टक्के सूट, म्हणून प्रत्यक्ष व्याज ४ टक्के. पत्रात हे सहसा एका वाक्यात लिहिलेलं असतं. 'वेळेवर परतफेड केल्यास ३ टक्के प्रोत्साहनपर सवलत, शासन निर्देशांच्या अधीन राहून.' या 'वेळेवर' शब्दाचा अर्थ काय, हे त्या वाक्यात नसतं.

योजनेनुसार सवलत रक्कम उचलल्या दिवसापासून मोजली जाते. ती परतफेडीच्या दिवसापर्यंत किंवा बँकेने ठरवलेल्या देय तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते, आणि जास्तीत जास्त एक वर्ष. इथे दोन तारखा आहेत. एक पत्रात छापलेली देय तारीख, दुसरी पैसे उचलल्याची वर्षपूर्ती. जी आधी येते ती शेतकऱ्यासाठी खरी. समजा पत्रात देय तारीख ३० जून आहे आणि पैसे आदल्या वर्षी १० जूनला उचलले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पैसे भरणारा शेतकरी बँकेच्या लेखी थकबाकीदार ठरत नाही, पण वर्ष उलटून गेल्यामुळे ३ टक्क्यांची सवलत मात्र जाते. ज्यांच्या पत्रात खरिपासाठी ३१ मार्च लिहिलेलं असतं त्यांना हा धोका नसतो. त्यांनी फक्त ३१ मार्च चुकवू नये. आणखी एक, वर्ष मंजुरीपत्राच्या तारखेपासून मोजत नाहीत. प्रत्येक उचलीची तारीख पासबुकातून काढून पत्राच्या कोपऱ्यात लिहून ठेवणं सोपं पडतं.

रुपयांत पाहू. आपल्या शेतकऱ्याने १ लाख २८ हजार १० जूनला उचलले आणि पत्रातली खरिपाची देय तारीख ३१ मार्च आहे. मधले दिवस २९४. सात टक्क्यांनी व्याज होतं सुमारे ७,२१७ रुपये. ३ टक्क्यांची सवलत ३,०९३ रुपये. म्हणून त्याच्या खिशातून व्याजापोटी जातात ४,१२४ रुपये. आता तो आठ दिवस उशिरा, ८ एप्रिलला गेला असं धरू. ३,०९३ रुपयांची सवलत पूर्ण गेली. आठ दिवसांची नव्हे, सगळ्या २९४ दिवसांची. शिवाय देय तारखेनंतर ७ टक्क्यांचा सवलतीचा दरही थांबतो आणि बँकेचा स्वतःचा दर लागू होतो, वर दंडाची तरतूद असेल तर ती वेगळी.

महाराष्ट्रात याला राज्याची जोड आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून वेळेत परतफेड करणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्य सरकार ३ टक्के देतं. आधी १ लाखापर्यंतच ३ टक्के आणि त्यावर १ टक्का मिळत असे. २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत एकच दर झाला. जिल्हा बँक आणि सोसायटीमार्फत ६ टक्क्यांनी मिळालेलं कर्ज केंद्राचे ३ आणि राज्याचे ३ वजा जाऊन शून्य टक्क्यांवर येतं, ते असं. 'शून्य टक्के व्याजाचं कर्ज' हे शब्द गावात सगळ्यांना पाठ आहेत. ते शून्य तारीख पाळल्यावरच होतं, ही गोष्ट तेवढी पाठ नाही. बँकेच्या मंजुरीपत्रात राज्याच्या योजनेचा उल्लेख बहुधा नसतो, म्हणून शाखेत तो वेगळा विचारावा लागतो.

वेळेत भरूनही सवलत जमा होत नाही, असं का होतं? पहिलं कारण आधार. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर बँक सरकारकडे दावाच करू शकत नाही. दुसरं कारण अर्धवट परतफेड. काही जण फक्त व्याज भरून येतात आणि मुद्दल पुढच्या वर्षावर ढकलतात. परतफेड म्हणजे उचललेली मुद्दल आणि व्याज दोन्ही. ज्याला गावात 'नवं-जुनं' म्हणतात त्यातही आधी जुनं पूर्ण भरलं जातं आणि मग नवं उचललं जातं. त्या चार दिवसांसाठी लागणारी रक्कम कोठून आणायची, ही खरी अडचण असते. त्यासाठी सावकाराच्या दारात जाणाऱ्यांनी आधी शाखेत विचारावं की भरणा झाल्यावर नवी उचल किती दिवसांत मिळेल, कारण सावकाराचं व्याज त्या दिवसांवरच वाढतं. तिसरं कारण ३ लाखांची सीमा. ती एका शेतकऱ्याची आहे, एका खात्याची नाही. सोसायटीत दीड लाख आणि बँकेत दोन लाख असतील तर सवलतीसाठी एकूण ३ लाखच धरले जातात. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याची मर्यादाही चौथ्या वर्षी ३ लाखांच्या पलीकडे जाते, म्हणजे तेव्हा वरच्या रकमेवर बँकेचा साधा दर लागेल. पत्रातला १० आणि २० टक्क्यांचा भाग पिकाच्या खर्चाचा नाही. त्यावर बँकेने कोणता दर लावला आहे हे पहिल्याच वर्षी विचारून पत्रावर लिहून घ्यावं.

सवलत जमा झाली की नाही हे पासबुकच सांगतं. काही बँका भरण्याच्या दिवशीच ४ टक्क्यांनी हिशोब करतात, तर काही ७ टक्क्यांनी घेऊन सरकारचे पैसे आले की ३ टक्के परत टाकतात. दुसऱ्या प्रकारात काही महिने जातात. पण पुढचा हंगाम सुरू झाला तरी पासबुकात व्याज परताव्याची नोंद नसेल, तर भरण्याची पावती जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

एक गोष्ट अतिवृष्टीच्या वर्षांसाठी. वसुलीला स्थगिती जाहीर झाली की गावात 'आता भरायची गरज नाही' असं पसरतं. स्थगितीने वसुलीचा तगादा थांबतो. तुमच्या खात्याची देय तारीख बदलली आहे का आणि सवलत टिकते का, हे बँकेने कर्जाची फेररचना केली की नाही त्यावर अवलंबून असतं. फेररचना झाली असेल तर नव्या तारखांचं पत्र मिळायला हवं. तसं पत्र हातात नसताना जुनी तारीख लागू आहे असंच समजावं.

आता विमा. जुन्या नमुन्यावर छापलेल्या पत्रांत अजूनही 'पीक विमा अनिवार्य' असं वाक्य सापडतं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली तेव्हा कर्जदारांना ती सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक आहे. पण कर्जदारासाठी ऐच्छिक म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावं लागतं. नको असेल तर त्याने नोंदणीच्या शेवटच्या तारखेआधी किमान सात दिवस बँकेला तसं लेखी द्यायचं. गप्प बसला तर संमती धरली जाते, बँक हप्ता कापते आणि पीक विमा पोर्टलवर नोंद करते.

शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, आणि कापसासारख्या नगदी व फळपिकांना ५ टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. आपल्या उदाहरणात विमा रक्कम पीककर्ज दराइतकीच धरली, तर सोयाबीनचे १,४४०, कापसाचे २,८०० आणि हरभऱ्याचे ८१० मिळून वरचे ५,०५० होतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन हे टक्के परत आले, आणि त्याबरोबर संरक्षणाचं स्वरूपही बदललं. त्या हंगामात राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. गारपीट, शेतात पाणी साचणं, काढणीनंतरचा पाऊस अशा वैयक्तिक नुकसानीचे भाग वगळले. 'माझ्या रानात पाणी होतं आणि शेजारच्या गावात नव्हतं' या कारणाने अशा हंगामात भरपाई मिळत नाही. कोणते धोके यंदा धरले आहेत, हे मंजुरीपत्र सांगत नाही. त्या हंगामाचा शासन निर्णय किंवा कृषी सहायक सांगतो.

बँकेमार्फतच्या विम्यात सगळ्यात जास्त घोटाळा पिकाच्या नावावर होतो. बँक हप्ता कापते तो मंजुरीपत्रात लिहिलेल्या पिकांवर. आपल्या शेतकऱ्याने जूनचा पाऊस लांबल्यामुळे कापूस सोडून सगळ्या दोन हेक्टरांत सोयाबीन पेरलं, तर विमा निघाला ०.८ हेक्टर कापसाचा आणि ई-पीक पाहणीत त्या गटावर उभं आहे सोयाबीन. दावा तिथेच अडतो. म्हणून पेरणी वेगळी झाली तर खरिपाच्या नोंदणीची मुदत संपण्याआधी बँकेला पीक बदलाचं लेखी द्यायला हवं. खरिपाची मुदत साधारण ३१ जुलै असते, तरी त्या वर्षीची तारीख पाहून घ्यावी. दुसरा घोटाळा दुहेरी नोंदणीचा. बँकेने कापलं आहे हे माहीत नसल्याने शेतकरी सेवा केंद्रावर जाऊन त्याच गटाचा विमा पुन्हा काढतो आणि मग छाननीत अर्ज अडकतो.

त्यामुळे हप्ता कापल्याची नोंद दिसली की शाखेतून विमा अर्ज क्रमांक मागावा. तो pmfby.gov.in वर टाकून पीक, गट क्रमांक आणि क्षेत्र पाहावं, किंवा १४४४७ या क्रमांकावर विचारावं. पैसे कापले आणि पोर्टलवर नोंद नाही, असं आढळलं तर ते मुदतीच्या आतच बँकेच्या लक्षात आणून द्यावं. बँकेच्या चुकीने नोंद राहिली तर नियमानुसार जबाबदारी बँकेची असते. ती सिद्ध करण्यासाठी पासबुकातली तारखेसह नोंद लागते.

पत्रात आणखी एक विमा दिसू शकतो. किसान क्रेडिट कार्डधारकाच्या अपघात विम्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं. या दोन्हींना हरकत घ्यायचं कारण नाही. पण त्याच वेळी हजारोंच्या हप्त्याची जीवन विमा पॉलिसी पुढे करून 'ही घेतली तरच कर्ज सुटेल' असं कोणी म्हणालं, तर मंजुरीपत्रातली ती अट बोट ठेवून दाखवायला सांगावं. पीककर्जासाठी जीवन विमा घेण्याची सक्ती कोणत्याही सरकारी योजनेत नाही. अशा वेळी शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते.

ज्यांचं पत्र पिशवीत पडून आहे त्यांनी ते या आठवड्यात बाहेर काढावं. या वर्षाची उचल, देय तारीख आणि पिकांची नावं या तीन ओळींखाली पेनाने रेघ ओढावी. जी ओळ सापडणार नाही ती शाखेत जाऊन विचारावी. इंग्रजी पत्राचा मराठीत खुलासा मागायला संकोच करू नये. सही तुमची आहे आणि व्याजही तुम्हीच भरता.